डोमेन रिन्यू करायचं राहिलं आणि साइटच्या जागी ‘विकणे आहे’चं पान आलं: पैसे भरण्याआधी काय तपासायचं

प्रश्न: भोसरीत आमचं कन्व्हेयरचे रोलर बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. 2014 पासून .com वेबसाइट आहे. परवापासून साइट उघडली की जाहिराती येतात आणि वर ‘This domain may be for sale’. डोमेन 4 जूनला संपत होतं, ते रिन्यू करायचं राहून गेलं. होस्टिंगचे पैसे मात्र एप्रिलमध्येच भरलेत. आज 29 जून 2025. whois मध्ये एक्सपायरी 2026 ची दाखवतंय, म्हणजे दुसऱ्या कुणी विकत घेतलं का? पानावर किंमत विचारायचा फॉर्म आहे, तो भरू का? साइट बनवणारा मुलगा आता परदेशात आहे, डोमेन त्याच्याच अकाउंटमध्ये आहे.

उत्तर:

बहुधा कुणी घेतलेलं नाही, आणि तो फॉर्म अजिबात भरू नका. तुमचं डोमेन आजही नेहमीच्या रिन्यूअलच्या पैशात, फार तर थोड्या लेट फीसह परत सुरू होईल अशी दाट शक्यता आहे. पण ती संधी किती दिवस राहील ते रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या हातात असतं, म्हणून आजच हलायला हवं.

आधी ते पान काय आहे ते बघू. डोमेन संपल्यावर पैसे आले नाहीत की रजिस्ट्रार त्याचे नेमसर्व्हर बदलून स्वतःचे लावतो. म्हणजे तुमचं नाव तुमच्या होस्टिंगकडे न जाता रजिस्ट्रारच्या जाहिरातींच्या सर्व्हरकडे जातं. जाहिरातीवर कुणी क्लिक केलं तर त्याला चार पैसे मिळतात. ‘for sale’ ची ओळ त्या साच्यात आपोआप येते, आणि तिच्यामागचा फॉर्म बहुतेक वेळा दलाली करणाऱ्या सेवेकडे जातो. तो भरलात तर आपलंच डोमेन आपल्याला मिळवून द्या म्हणून तुम्ही दलालाला पैसे द्याल, शिवाय या नावाला गरजू गिऱ्हाईक आहे हेही त्याला कळेल. डोमेनच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या आयकॅन या संस्थेचा नियम असा आहे की डोमेन अजून रिन्यू होऊ शकत असताना रजिस्ट्रारने असं पान लावलं, तर नोंदणी संपली आहे आणि ती कशी चालू करायची, हे त्या पानावर ठळक लिहायला हवं. प्रत्यक्षात ती ओळ कधी पानाच्या अगदी वर बारीक अक्षरात असते, तर कधी तळाशी. पान खालपर्यंत सरकवून बघा. ती ओळ सापडली तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

मात्र पानावर फार विसंबू नका, कारण संपलेल्या डोमेनचं पान आणि खरोखर विकल्या गेलेल्या डोमेनचं पान दिसायला जवळपास सारखंच असतं. खरी स्थिती डोमेनच्या whois नोंदीत कळते. `lookup.icann.org` वर जाऊन डोमेन टाका. तुम्ही दिलेल्या तारखांवरून तुमची नोंद साधारण अशी दिसत असणार (तुमच्या नावाच्या जागी `example.com` घातलंय):

```
Domain Name: EXAMPLE.COM
Creation Date: 2014-06-04
Registry Expiry Date: 2026-06-04
Registrar Registration Expiration Date: 2025-06-04
Domain Status: clientTransferProhibited
```

तुमचा घोटाळा तिसऱ्या ओळीत झाला आहे. .com ची मूळ वही व्हेरिसाइन या कंपनीकडे आहे, तिला रजिस्ट्री म्हणतात. तुम्ही पैसे भरता तो रजिस्ट्रार, म्हणजे मधला विक्रेता. मुदत संपली की रजिस्ट्री ते डोमेन स्वतःहून एक वर्ष पुढे ढकलते आणि पैसे रजिस्ट्रारच्या खात्यातून वळते करते. गिऱ्हाइकाने पैसे दिले नाहीत तर रजिस्ट्रारने 45 दिवसांच्या आत डोमेन काढून टाकायचं, म्हणजे त्याला ते पैसे परत मिळतात. त्यामुळे या काळात रजिस्ट्रीच्या नोंदीत 2026 दिसतं आणि रजिस्ट्रारच्या नोंदीत 2025. ना तुम्ही पैसे भरलेत, ना दुसऱ्या कुणी. दोन तारखांत बरोबर एका वर्षाचा फरक दिसला तर डोमेन उधारीवर चालू आहे असं समजा. काही रजिस्ट्रार दोन्हीकडे एकच तारीख दाखवतात, त्यामुळे फरक नसला म्हणून निश्चिंत राहू नका. स्टेटसमध्ये कधी `autoRenewPeriod` असंही येतं, पण प्रत्येक ठिकाणी येत नाही, म्हणून ते नसल्यावरूनही काही ठरवू नका.

कुणी घेतलं का, हे कळायला दुसरी ओळ बघायची. `Creation Date` 2014 चीच असेल तर डोमेन एकदाही सुटलेलं नाही. ती 2025 ची झाली असेल तर जुनी नोंद पुसली गेली आणि कुणीतरी ते नव्याने घेतलं. यात एक पळवाट आहे, ती माहीत हवी. बरेच रजिस्ट्रार संपलेलं डोमेन सुटायच्या आधीच लिलावात काढतात आणि बोली जिंकणाऱ्याच्या खात्यात सरळ वळवतात. तेव्हा `Creation Date` जुनीच राहते. अशा वेळी `Registrar` ची ओळ, नोंदणीदाराचं राज्य आणि देश, आणि `Updated Date` बघा. रजिस्ट्रार तोच असेल, राज्य महाराष्ट्र आणि देश `IN` असेल, तर काळजी नाही. नोंदणीदाराचं नाव प्रायव्हसीखाली झाकलेलं असेल तर अंतिम खुलासा अकाउंटमध्ये लॉगिन केल्यावरच होतो: यादीत डोमेन आहे का आणि त्याच्यासमोर रिन्यूचं बटण आहे का.

आता नेमसर्व्हर. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवा:

```
nslookup -type=ns example.com
```

उत्तरात तुमच्या होस्टिंग कंपनीचे नेमसर्व्हर आले तर गोष्ट वेगळीच आहे. मग डोमेन जागेवर आहे आणि गडबड होस्टिंगकडे आहे. तुमच्या बाबतीत मात्र तिथे रजिस्ट्रारचे किंवा अशी जाहिरातींची पानं चालवणाऱ्या एखाद्या पार्किंग सेवेचे नेमसर्व्हर येतील अशी माझी अटकळ आहे. होस्टिंगचे पैसे भरलेत ते वाया गेलेले नाहीत. तुमच्या फाइली तिथे आहेत, फक्त त्यांच्याकडे जाणारा रस्ता दुसरीकडे वळवलाय. होस्टिंग आणि डोमेन ही दोन वेगळी बिलं आहेत हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. एक भरलं की काम झालं असं वाटतं.

वेळापत्रक तुमच्याच तारखांवर मांडतो. 4 जूनपासून 45 दिवस म्हणजे 19 जुलै. त्याच्या आत रजिस्ट्रारला काय ते ठरवावं लागतं. त्याने 19 जुलैला डोमेन काढून टाकलं असं धरलं, तर पुढचे 30 दिवस, म्हणजे 18 ऑगस्टपर्यंत, ते `redemptionPeriod` मध्ये राहतं. यातही तुम्हाला ते परत मिळतं, पण त्याच रजिस्ट्रारकडून आणि महागात, कारण परत आणण्याचे 40 डॉलर रजिस्ट्रीच रजिस्ट्रारकडून घेते. त्यावर त्याची स्वतःची फी आणि रिन्यूअल चढतं, आणि बिल काही हजार रुपयांवर जातं. त्यानंतर 5 दिवस `pendingDelete`, म्हणजे 23 ऑगस्टपर्यंत. या पाच दिवसांत कुणालाच काही करता येत नाही, तुम्हालाही नाही आणि रजिस्ट्रारलाही नाही. मग डोमेन सुटतं आणि टपून बसलेल्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं ते त्याच क्षणी उचलायला धावतात.

पण हे सगळे दिवस तुमचेच आहेत असं समजू नका. 45 ही कमाल मर्यादा आहे. रजिस्ट्रार त्याच्या कराराप्रमाणे तिसाव्या दिवशीही रिन्यूचं बटण काढू शकतो, आणि लिलावाला तर तिसरा-चौथा आठवडा पुरतो. बोली लागून ते विकलं गेलं तर रिडेम्प्शनचा टप्पा येतच नाही. आज तुमचा पंचविसावा दिवस आहे. म्हणून मी 19 जुलैकडे बघणार नाही, आज संध्याकाळकडे बघेन.

पानाच्या येण्याजाण्यावरूनही स्थिती ओळखता येते. रिडेम्प्शनमध्ये गेलेलं डोमेन रजिस्ट्रीच्या यादीतूनच बाहेर काढलेलं असतं, त्यामुळे पान दिसत नाही, ब्राउझर ‘साइट सापडत नाही’ म्हणतो. म्हणजे विक्रीचं पान दिसतंय तोवर तुम्ही बहुधा आधीच्या, स्वस्त टप्प्यात आहात. उद्या ते पान गायब झालं तर बरं झालं म्हणू नका, प्रकरण पुढे सरकलंय. आणि काही आठवडे काहीच न दिसता पुन्हा विक्रीचं पान उगवलं तर ते नव्या मालकाचं असणार.

आता पैसे कसे भरायचे. त्या मुलाला आज फोन करा, मेल नको. त्याने लॉगिन करून एका वर्षाचं रिन्यूअल करायचं, एवढंच. डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचा विचार आता करू नका. ट्रान्सफरला दिवस लागतात आणि मधेच अडकलं तर दोन्हीकडचे एकमेकांकडे बोट दाखवतात. रिन्यू झाल्यावर त्याच रजिस्ट्रारकडे तुमच्या वर्कशॉपच्या नावाने अकाउंट उघडा आणि त्याला डोमेन त्यात वळवायला सांगा. एकाच रजिस्ट्रारच्या दोन अकाउंटमधला हा बदल सहसा फुकट आणि काही मिनिटांचा असतो.

तो मुलगा सापडलाच नाही तर नोंदीतल्या `Registrar` च्या ओळीत जी कंपनी आहे तिच्या सपोर्टला थेट गाठा. तुमचं बिल एखाद्या स्थानिक दुकानाने दिलेलं असेल तर ते दुकान रीसेलर असतं आणि नोंदीत दिसत नाही. दुकान बंद पडलं तरी वरचा रजिस्ट्रार असतोच. सपोर्टला पहिला प्रश्न विचारा की लॉगिन न करता नुसतं रिन्यूअलचं पेमेंट घेता का. काही ठिकाणी घेतात, कारण पैसे कुणीही भरले तरी मालकी बदलत नाही. 1999 च्या नाताळात मायक्रोसॉफ्टचं `passport.com` रिन्यू करायचं राहून गेलं, हॉटमेलच्या लॉगिनची पंचाईत झाली, तेव्हा एका त्रयस्थ लिनक्स प्रोग्रॅमरने स्वतःच्या कार्डावरून 35 डॉलर भरून टाकले होते. तेव्हा तुमचं राहिलं यात लाजायचं काही नाही.

पेमेंट घेत नसतील तर मालकी दाखवावी लागेल. इथे नोंदणीदार म्हणून कुणाचं नाव आहे यावर सगळं ठरतं. वर्कशॉपचं नाव असेल तर जीएसटीचं सर्टिफिकेट, पॅन आणि जुनी बिलं देऊन काम होतं. त्या मुलाने स्वतःचंच नाव घातलं असेल तर रजिस्ट्रारच्या लेखी मालक तोच आहे आणि त्याच्या संमतीशिवाय ते अकाउंट उघडणार नाहीत. मग त्याला शोधणं हाच मार्ग. घरच्यांकडून, जुन्या मित्रांकडून, जसा सापडेल तसा.

ऑटो-रिन्यू चालू होतं तरी पैसे का गेले नाहीत, असं तो म्हणेल. परदेशी रजिस्ट्रार आणि भारतीय कार्ड असेल तर कारण बहुधा सोपं आहे. 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरची आवर्ती वसुली ई-मँडेट, म्हणजे गिऱ्हाइकाची आगाऊ परवानगी, नोंदवल्याशिवाय होत नाही, आणि बऱ्याच परदेशी कंपन्यांकडे ती सोय नाही. बँक नाकारते, रजिस्ट्रार मेल टाकतो, आणि तो मेल कुणीच वाचत नाही. आयकॅनच्या नियमाप्रमाणे मुदतीआधी साधारण महिनाभर आणि आठवडाभर अशी दोन स्मरणपत्रं पाठवावीच लागतात, आणि तरीही रिन्यू झालं नाही तर मुदत संपल्यावर पाच दिवसांत आणखी एक. ती नोंदीतल्या ईमेलवर जातात. तो ईमेल `info@` तुमच्याच डोमेनचा असेल तर ते तिसरं पत्र आणि पासवर्ड बदलायची लिंक, दोन्ही बंद पडलेल्या पेटीत जातात. म्हणून अकाउंटचा ईमेल नेहमी वेगळ्या ठिकाणचा ठेवा, साधा जीमेल चालेल.

पैसे भरल्यावर लगेच साइट दिसली नाही तर घाबरून सेटिंग बदलत सुटू नका. आधी `lookup.icann.org` वर नेमसर्व्हरच्या ओळी बघा. तिथे अजून पार्किंगचेच असतील तर रजिस्ट्रारने जुने परत लावलेले नाहीत. होस्टिंगच्या स्वागताच्या मेलमध्ये किंवा त्यांच्या पॅनेलमध्ये दोन नेमसर्व्हर दिलेले असतात, ते रजिस्ट्रारकडे हाताने टाका. तिथे तुमच्या होस्टिंगचे आलेत पण `nslookup` अजून जुनं सांगतंय, तर काम झालंय, फक्त वाट बघायची. .com च्या नेमसर्व्हरच्या नोंदी इंटरनेट कंपन्यांचे सर्व्हर 48 तासांपर्यंत लक्षात ठेवू शकतात. म्हणूनच मोबाइल डेटावर साइट दिसते आणि वर्कशॉपच्या वायफायवर ते विक्रीचं पान, असा प्रकार एक-दोन दिवस चालतो. गुगल आणि क्लाउडफ्लेअर यांच्या सार्वजनिक डीएनएसला जुनं विसरायला लावणारी पानं आहेत, त्यावर डोमेन टाकलं तर त्यांच्यापुरतं लवकर होतं:

```
https://developers.google.com/speed/public-dns/cache
https://one.one.one.one/purge-cache/
```

डीएनएसच्या नोंदी होस्टिंगकडे नसून रजिस्ट्रारकडेच ठेवल्या असतील तर आणखी एक तपासणी लागते. पार्किंगच्या काळात त्या कधीकधी पुसल्या जातात, म्हणून साइटची `A` आणि मेलची `MX` नोंद जागेवर आहे का ते बघा. साइट उघडली पण ब्राउझर ‘सुरक्षित नाही’ म्हणाला तर मधल्या काळात साइटचं सुरक्षेचं सर्टिफिकेट संपलं असेल. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट 90 दिवसांचं असतं आणि डोमेन दुसरीकडे वळलेलं असताना ते आपोआप नवं होऊ शकत नाही. होस्टिंगच्या पॅनेलमधून पुन्हा काढलं की झालं.

मेलचं नुकसान साइटपेक्षा मोठं असू शकतं, आणि तुम्ही त्याचा उल्लेखही केलेला नाही. नेमसर्व्हर बदलले की `info@` वर येणाऱ्या चौकश्या आणि पर्चेस ऑर्डरही बंद होतात. काही मेल पाठवणाऱ्याकडे लगेच परत गेले असतील. काही त्याच्या सर्व्हरवर रांगेत असतील, कारण तात्पुरती अडचण वाटली तर सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. तुमचं पान परवाच आलंय, त्यामुळे आज-उद्या रिन्यू झालं तर रांगेतले मेल येऊन पडतील. तरी नेहमीच्या गिऱ्हाइकांना फोन करून गेल्या दोन-तीन दिवसांतले मेल पुन्हा पाठवायला सांगा.

समजा नोंदीत `Creation Date` 2025 ची निघाली किंवा लिलावात गेलंय असं रजिस्ट्रारने सांगितलं, तर पहिलं काम डोमेन परत मिळवणं हे नाही. नवा मालक त्या नावावर येणारा प्रत्येक मेल स्वतःकडे घेऊ शकतो. `info@` ला आलेली पासवर्ड बदलण्याची लिंकही त्याच्याकडे जाईल. म्हणून बँक, जीएसटी पोर्टल, इंडियामार्टसारख्या ठिकाणची खाती, गुगलवरची वर्कशॉपची नोंद, जिथे जिथे तो पत्ता दिलाय तिथे त्याच दिवशी दुसरा द्या. मग गुगलच्या नोंदीतली वेबसाइटची लिंक काढा, नाहीतर तुमच्याच नावाने शोधणारा माणूस त्या जाहिरातींवर जाईल.

परत मिळवायचे कायदेशीर मार्ग अरुंद आहेत. डोमेनचे तंटे सोडवणाऱ्या आयकॅनच्या यूडीआरपी प्रक्रियेत तुम्हाला ट्रेडमार्क दाखवावा लागतो, समोरच्याचा त्या नावावर रास्त हक्क नाही आणि त्याने ते वाईट हेतूने घेऊन वापरलंय हेही सिद्ध करावं लागतं. जिनिव्हाच्या वायपो या संस्थेत एका डोमेनसाठी एका पंचाची फीच 1500 डॉलर आहे, वकील वेगळा. .in साठी त्या डोमेनांची रजिस्ट्री चालवणाऱ्या निक्सीची आयएनडीआरपी ही वेगळी प्रक्रिया आहे. ‘रोलर’, ‘पुणे’ असल्या सर्वसाधारण शब्दांचं नाव असेल आणि ट्रेडमार्क नसेल तर या वाटेला जाऊ नका. तेवढ्या पैशात त्याच नावाचं .in किंवा .co.in मोकळं असेल तर ते घ्या आणि व्हिजिटिंग कार्डं, बिलं नव्याने छापा. नव्या मालकाकडून विकत घ्यायचंच ठरलं तर वर्कशॉपच्या नावाने मेल करू नका, आणि पैसे एस्क्रोमधूनच द्या, म्हणजे डोमेन हातात येईपर्यंत ते त्रयस्थाकडे राहतात.

पण तुमच्या तारखा बघता ही वेळ अजून आलेली नाही. रजिस्ट्रारचं नाव आणि नेमसर्व्हरच्या दोन ओळी इथे टाका, पुढचं बघून सांगतो.